जाहिरात पुन्हा आली, अटी बदलल्या: आधीचा अर्ज धरतात का?

एकाच पदाची जाहिरात महिन्याभरात दुसऱ्यांदा दिसली, तीही वाढीव अटींसह, की धुळे-नंदुरबारकडची पोरं विचारतात, "भाऊ, मना पहिला अर्ज चाली का?" याला सरसकट हो किंवा नाही असं उत्तर नाही. आधी हातातला कागद शुद्धिपत्रक आहे की फेरजाहिरात, ते बघायचं.

त्यासाठी जाहिरात क्रमांक पाहा. क्रमांक तोच असून वर 'शुद्धिपत्रक' लिहिलेलं असेल, तर भरती जुनीच आहे आणि सहसा पहिला अर्ज कायम राहतो. क्रमांक नवा असेल किंवा 'यापूर्वीची जाहिरात रद्द करण्यात येत आहे' हे वाक्य असेल, तर सहसा तुमचा अर्ज त्या जाहिरातीबरोबरच संपतो आणि नव्याने भरावा लागतो. जिल्हा परिषदांच्या 2019 च्या भरतीचं असंच झालं. ती रद्द झाली, 2023 मध्ये नव्याने अर्ज मागवले आणि जुनं शुल्क परत मिळवण्याची प्रक्रिया वेगळी करावी लागली. 'आपलं नाव यादीत आहेच' असं समजून घरी बसणाऱ्याला तिथे काहीच हाती लागलं नसतं.

खात्री करायला नव्या जाहिरातीच्या किंवा शुद्धिपत्रकाच्या शेवटच्या परिच्छेदात 'यापूर्वी अर्ज केलेल्या उमेदवारांनी…' अशी सुरुवात असलेली ओळ शोधा. तिच्यात पुन्हा अर्ज 'करण्याची आवश्यकता नाही' असेल किंवा 'करणे बंधनकारक आहे' असेल. बातमीत किंवा मोबाईलवर फिरणाऱ्या फोटोत हीच ओळ कापलेली असते. म्हणून मूळ पीडीएफ उघडा.

अर्ज कायम राहिला तरी पात्रता टिकतेच असं नाही, आणि सर्वात जास्त मुलं इथेच अडकतात. अर्जाची मुदत वाढते, पण वय आणि शिक्षण कोणत्या तारखेला मोजायचं ते शुद्धिपत्रकात वेगळं लिहिलेलं असू शकतं. तारीख दिलीच नसेल, तर अर्जाच्या शेवटच्या तारखेला पात्रता हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच स्पष्ट केलं आहे. मुदत आणि पात्रतेची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगवेगळ्या लिहून घ्या.

शिरपूर तालुक्यातल्या एका ओबीसी मुलीचं सांगतो. एका कार्यालयाच्या कंत्राटी लिपिक पदासाठी मराठी टायपिंग 30 आणि एमएस-सीआयटी मागितलं होतं, मुदत 31 मार्च. तिने अर्ज भरला. एप्रिलमध्ये त्याच क्रमांकाचं शुद्धिपत्रक आलं: इंग्रजी टायपिंग 40 हवं, मुदत 5 मे, पात्रताही त्याच तारखेला धरणार. इंग्रजीचा निकाल 25 एप्रिलला लागला, म्हणजे ती वेळेत पात्र झाली. पण आधीच्या अर्जात तो रकाना रिकामा होता आणि पोर्टलवर दुरुस्तीची सोयच नव्हती. त्याहून वाईट म्हणजे तिचं नॉन-क्रिमीलेअर 31 मार्चलाच संपलं होतं. पहिल्या मुदतीला ते चालत होतं, दुसऱ्या मुदतीला नाही. नवं काढायला तीन वर्षांचे उत्पन्नाचे दाखले लागतात आणि प्रांत कार्यालयातून यायला दिवस जातात. तिने मार्चअखेरच सेतूत अर्ज टाकून ठेवला होता, म्हणून ते 2 मेला हातात पडलं. एप्रिल उजाडला की मार्चअखेर संपणारे दाखले आधी तपासा, जाहिरातीची वाट बघू नका.

रकान्याचं काय केलं? तिने त्या कार्यालयाच्या नावाने अर्ज लिहिला. त्यात जाहिरात क्रमांक, अर्ज क्रमांक, शुद्धिपत्रकाची तारीख घातली, निकालपत्र व दाखल्याची प्रत जोडली आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतला. फोनवर "चालेल, चालेल" असं सांगणारा बाबू छाननीच्या दिवशी नसतो. हा त्रास उमेदवाराच्या माथी का, हे मला अजून पटत नाही. अट बदलणाऱ्यांनी दुरुस्तीची खिडकीही उघडायला हवी. माहिती अधिकारात विचारायला गेलात तर उत्तराला 30 दिवस लागू शकतात, तोवर मुदत उलटते.

शंका वाटते म्हणून दुसरा अर्ज टाकून द्यावा का? आधी अटींमध्ये एकाहून जास्त अर्जांबाबतचं कलम वाचा. कुठे शेवटचा अर्ज धरतात, कुठे सगळेच बाद करतात. कलम नसेल तर लेखी विचारूनच शुल्क भरा.

अट मध्येच वाढवण्यावर हरकत घेता येते का, असंही विचारतात. 7 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने म्हटलं की, भरती जाहिरातीपासून सुरू होते आणि नियमांत किंवा जाहिरातीत तशी मुभा नसेल तर पात्रतेचे निकष मध्येच बदलता येत नाहीत. म्हणून पहिल्या जाहिरातीतलं 'बदल करण्याचे अधिकार राखून ठेवले आहेत' हे वाक्य नेमकं कशाला लागू आहे, ते वाचा. ती पहिली पीडीएफ जपून ठेवा. नवी टाकताना जुनी संकेतस्थळावरून काढूनही टाकतात.