डिस्लेक्सियाचे शिफारसपत्र

डिस्लेक्सियाचे शिफारसपत्र : डिस्लेक्सिया म्हणजेच वाचन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्याला महाविद्यालयात कोणत्या सोयी लागतील आणि त्या का लागतील, हे सांगणारे मानसशास्त्रज्ञाचे पत्र. ते बहुधा एक-दोन पानांचे असते आणि विद्यार्थी पहिल्या वर्षात दाखल होताना किंवा त्यानंतर लवकरच दिले जाते. अशा सोयींना बोलीत ‘सवलत’ म्हणतात. पण सवलत म्हटले की काहीतरी माफ केल्यासारखे वाटते, आणि इथे तर अभ्यासक्रम, प्रश्न व उत्तीर्णतेची पातळी सगळे तसेच राहते. बदलते ती फक्त प्रश्नापर्यंत पोहोचण्याची आणि उत्तर मांडण्याची वाट.

हे पत्र म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. डिस्लेक्सिया असल्याचे प्रमाणपत्र निदान सांगते, पण निदानावरून कोणती सोय द्यायची हे ठरत नाही. निदान एकच असलेल्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकाला वाचनाचा वेग नडतो आणि दुसऱ्याला शुद्धलेखन. शाळेत मिळालेली सोय महाविद्यालयात आपोआप पुढे चालेलच असे नाही. शाळेत मुलाला ओळखणारे शिक्षक असतात आणि पालक त्याच्या वतीने बोलतात. महाविद्यालयात वाचनाचा पसारा एकदम वाढतो, ओळखणारे कोणी नसते आणि विद्यार्थी सज्ञान झाल्यामुळे मागणी त्याने स्वतः करायची असते. त्यामुळे पत्रही त्याच्या लेखी संमतीनेच पाठवले जाते.

पत्राचे खरे काम जोडणीचे आहे : चाचणीत दिसलेली अडचण, त्यामुळे अमुक कामात येणारा अडथळा आणि तो दूर करणारी सोय. या तीन दुव्यांपैकी मधला दुवाच सर्वांत जास्त वेळा गळतो. ‘वाचनाचा गुणांक कमी आहे, सबब जादा वेळ द्यावा’ एवढेच लिहिले तर वाचणाऱ्या अधिकाऱ्याला काहीच ठरवता येत नाही.

एक काल्पनिक प्रकरण घेऊ. अठरा वर्षांची विद्यार्थिनी. बहुतेक चाचण्यांत सरासरी गुणांक १०० धरतात आणि १५ गुण म्हणजे एक प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीपासून किती पसरतात याचे माप. म्हणजे ८५ गुणांक असलेली व्यक्ती साधारण सोळाव्या पर्सेंटाइलवर येते, शंभरांतले साधारण सोळा जणच तिच्या खाली असतात. या मुलीला ऐकून समजण्याच्या चाचणीत १०८ मिळाले, ते सरासरीहून चांगले. घड्याळ न लावता सुटे शब्द वाचायला दिले तेव्हा ८८ मिळाले, म्हणजे थोडे कमी पण चिंताजनक नाही. घड्याळ लावल्याबरोबर तोच गुणांक ७६ वर, म्हणजे जेमतेम पाचव्या पर्सेंटाइलवर आला. अर्थ नसलेले बनावट शब्द भराभर वाचताना तो ७३ वर गेला. हे शब्द मुद्दाम देतात, कारण ते पाठांतरातून ओळखता येत नाहीत आणि अक्षरांवरून उच्चार जुळवावाच लागतो. शुद्धलेखनात तिला ७४ मिळाले.

या आकड्यांमधून एक सुसंगत चित्र उभे राहते. समज शाबूत आहे, शब्द ओळखता येतात, पण ओळखायला वेळ लागतो. लिपी आणि उच्चार यांचा मेळ चांगला असलेल्या भाषांत तर डिस्लेक्सिया चुकांपेक्षा संथपणातूनच जास्त दिसतो. म्हणून चाचणी कोणत्या भाषेत घेतली आणि शिकण्याची भाषा कोणती, हे पत्रात सांगावे लागते. परक्या भाषेतले संथ वाचन एवढ्यावरून डिस्लेक्सिया सिद्ध होत नाही.

आता मधला दुवा. समजा, या मुलीची ६० प्रश्नांची, एका तासाची बहुपर्यायी परीक्षा आहे आणि पर्यायांसह प्रत्येक प्रश्न सुमारे ७० शब्दांचा आहे. एकूण ४,२०० शब्द झाले. मिनिटाला २१० शब्द वाचणाऱ्याला ते वाचायला २० मिनिटे लागतात आणि विचाराला ४० उरतात. या मुलीचा मोजलेला वेग मिनिटाला १२० शब्द, म्हणजे एका वाचनालाच ३५ मिनिटे. निम्मे प्रश्न पुन्हा वाचावे लागले तर आणखी साडेसतरा. विचाराला इतरांइतकीच ४० मिनिटे धरली तरी बेरीज साडेब्याण्णव मिनिटांवर जाते. आता पत्रात असे लिहिता येते :

“तिला विषय समजण्यात अडचण नाही, छापील मजकूर वाचण्यात आहे. म्हणून ज्या परीक्षांत वाचन बरेच आहे, तेथे दीडपट वेळ मिळावा अशी शिफारस आहे. ज्या परीक्षेत मजकूर मोजका आहे, तेथे तेवढा वेळ लागेलच असे नाही.”

शेवटचे वाक्य अनेकांना लिहायचा धीर होत नाही, पण पत्राची विश्वासार्हता त्यानेच वाढते. तीनशे शब्दांच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेत या मुलीचे वाचनामुळे एक-दीड मिनिट जादा जाईल, पुन्हा वाचावे लागले तर थोडे आणखी. वर केलेला हिशोब अंदाजाचाच आहे आणि दीडपट ही पुष्कळ ठिकाणी रूढ झालेली सोयीची पायरी आहे, निसर्गनियम नव्हे. ‘जादा वेळ दिल्यास तिला फायदा होईल’ हे वाक्य मात्र टाळावे. वेळ अपुरा असलेल्या परीक्षेत जादा वेळाचा फायदा कोणालाही होतो. तो नसल्यास या मुलीला येत असलेली उत्तरेही लिहिता येणार नाहीत, हे दाखवायचे असते.

वेळेखेरीज या मुलीसाठी दोनच गोष्टी मागाव्याशा वाटतात : पाठ्यसामग्री मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला चालेल अशा डिजिटल स्वरूपात मिळावी, आणि जिथे शुद्धलेखन हाच परीक्षेचा विषय नाही तिथे त्याचे गुण कापू नयेत. पहिलीचा आधार १०८ हा ऐकण्याचा गुणांक आहे. दुसरीतली अट महत्त्वाची आहे. भाषेच्या पदवीत लेखननियम हेच कौशल्य तपासले जात असेल, तर ही विनंती महाविद्यालय योग्य कारणाने नाकारू शकते. वेगळी खोली उगाच मागू नये. प्रश्न वाचून दाखवणारा माणूस दिला असेल किंवा प्रश्न मोठ्याने वाचल्याखेरीज समजत नसेल, तरच ती लागते. रंगीत पारदर्शक पट्ट्यांची शिफारस अजूनही काही पत्रांत आढळते, पण त्यांचा डिस्लेक्सियावर उपयोग होतो याला भक्कम पुरावा नाही.

पत्र फसते ते बहुधा लांबीमुळे. दहा-बारा सोयींची तयार यादी चिकटवली की वाचणाऱ्याला ती कुणालाही लागू पडेल अशी वाटते, आणि खरोखर आवश्यक असलेली सोयही त्यात बुडते. बुद्ध्यंक, घरची परिस्थिती, बालपणीचे आजार या गोष्टी पत्रात नकोत. त्या पूर्ण अहवालात असतात आणि अहवाल मागितल्याशिवाय द्यायचा नसतो. उलट एका प्रश्नाचे उत्तर मात्र न विचारता द्यावे : शाळेत कधी निदान झाले नसेल, तर आत्ताच कसे? पाठांतर, घरच्यांनी वाचून दाखवणे, रात्र रात्र जागणे यांच्या आधारे बारावीपर्यंत निभावलेले पुष्कळ असतात. तसे असेल तर जुन्या गुणपत्रिका व शिक्षकांचे शेरे यांचा हवाला द्यावा. अडचण लहानपणापासूनची असल्याचा दाखला निदानालाही लागतोच.

मानसशास्त्रज्ञ शिफारस करतो, निर्णय महाविद्यालय घेते. म्हणून ‘द्यावेच लागेल’ अशी भाषा पत्राला शोभत नाही. एखादी सोय नाकारली गेली, तर त्याच अडथळ्यावर दुसरा उपाय सुचवता यावा, यासाठीही मधला दुवा उपयोगी पडतो. वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर परीक्षेत चालणार नसेल, तर माणूस वाचक चालेल का, हे विचारता येते. सॉफ्टवेअर चालणार असले तरी त्याच्या आवाजाला आणि वेगाला कान सरावायला काही आठवडे जातात. ते परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा हाती आले तर त्याचाच अडथळा होतो. म्हणून पत्रात परीक्षेच्या तारखेपेक्षा सत्र सुरू होण्याची तारीख धरून विनंती केलेली असते, आणि पहिल्या सत्रानंतर जादा वेळ खरोखर किती वापरला गेला हे पाहून तो बदलण्याची मुभा ठेवलेली असते.