पासवर्ड खरा, धमकी पोकळ

"एक धमकीचा मेल आलाय: बिटकॉइन दे, नाहीतर अश्लील साइट पाहतानाचा तुझा व्हिडिओ सगळ्यांना पाठवीन. मेलमध्ये माझा खरा पासवर्ड लिहिलाय. म्हणजे धमकी देणाऱ्याने वेबकॅमवरून माझा व्हिडिओ काढलाच असणार ना?"

नाही. पासवर्ड तुमच्या कॉम्प्युटरमधून नव्हे, बहुधा एखाद्या वेबसाइटच्या फुटलेल्या यादीतून आलेला असतो. २०१२ मध्ये लिंक्डइनमधून पासवर्ड चोरीला गेले. ते साध्या अक्षरांत नव्हते, पण सांकेतिक रूप इतकं कच्चं होतं की बरेचसे उलगडले. २०१६ मध्ये त्यातली सुमारे ११.७ कोटी खाती विक्रीला आली. अशा यादीत एका ओळीत ईमेल आणि पासवर्ड असतो. प्रोग्रॅम ती ओळ ठरलेल्या मजकुरात भरतो आणि लाखो लोकांना तेच पत्र पाठवतो. २०१८ च्या जुलैपासून हा धंदा जोरात आहे.

मेल नीट वाचा. तुम्ही कोणती साइट पाहिली, खोलीत काय दिसतं, यातलं काहीच नसतं. व्हिडिओ हातात असता तर एखादं चित्र जोडायला त्याला कितीसा वेळ लागला असता? मेल तुमच्याच पत्त्यावरून आल्यासारखा दिसला, तरी प्रेषकाचा पत्ता खोटा घालता येतो.

haveibeenpwned.com वर आपला ईमेल टाकला की तो कोणकोणत्या माहितीचोरीत सापडला ते कळतं. तो पासवर्ड अजून कुठे चालू असेल, तर तिथे मात्र आजच बदला आणि दुहेरी पडताळणी लावा. बिटकॉइन पाठवू नका, उत्तरही देऊ नका. सोबत तुमचा खरोखरचा खासगी फोटो आला असेल, तर प्रकरण वेगळं: पुरावा जपून पोलिसांकडे जा.