टच बेस, सर्कल बॅक, ऑफलाइन : हे शब्द ऑफिसात आले कुठून आणि मराठीत ते कसे सांगायचे

पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत संध्याकाळचा कॉल सुरू झाला की तीन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘फायनान्सशी एकदा टच बेस करून घेऊ’, ‘मी यावर सर्कल बॅक करतो’ आणि ‘हे ऑफलाइन घेऊया’. १९९०च्या दशकापासून अमेरिकन क्लायंटची कामं मोठ्या प्रमाणावर इकडे येऊ लागली आणि कामासोबत ही बोलीही आली. आता कॉलवर एकही अमेरिकन नसला तरी दोन मराठी माणसं एकमेकांशी असंच बोलतात. इंग्रजी शब्द वापरले म्हणून माझी तक्रार नाही. पण हे शब्द जिथे जन्मले तिथे त्यांचा अर्थ अगदी काटेकोर होता आणि ऑफिसात येईपर्यंत तो काटेकोरपणा गळून गेला. मराठीत साधं सांगायचं असेल तर नेमकं काय गळलं ते आधी कळायला हवं.

‘टच बेस’ हा बेसबॉलचा शब्द. बेसबॉलच्या मैदानात चार बेस असतात, एकापासून दुसरा ९० फुटांवर. धावणाऱ्याने ते क्रमाने गाठायचे आणि प्रत्येकाला अंगाचा स्पर्श करायचा. जवळून पळत गेलो, हे चालत नाही. क्रिकेटमध्ये बॅट क्रीजपलीकडे टेकवली नाही तर पंच ती धाव अपुरी ठरवतात, तसंच हे. फक्त शिक्षा जास्त कडक, कारण इथे खेळाडू बाद होऊ शकतो.

२३ सप्टेंबर १९०८ रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर हे फार महागात पडलं. न्यूयॉर्क जायंट्स आणि शिकागो कब्ज यांच्या सामन्यात नवव्या डावाच्या शेवटी १-१ अशी बरोबरी होती. जायंट्सचा मूस मॅककॉर्मिक तिसऱ्या बेसवर होता आणि १९ वर्षांचा फ्रेड मर्कल पहिल्यावर. अल ब्रिडवेलने चेंडू मोकळ्या जागेत मारला, मॅककॉर्मिक घरच्या बेसवर पोहोचला, सामना जिंकला असं समजून प्रेक्षक मैदानात धावले. ते पाहून मर्कल दुसऱ्या बेसपर्यंत न जाताच मधूनच वळला. कब्जच्या जॉनी एव्हर्सच्या हे लक्षात आलं. त्याने चेंडू मागवला आणि तो हातात घेऊन दुसऱ्या बेसवर उभा राहिला, कारण मर्कलने तो बेस शिवण्याआधी चेंडू तिथे पोहोचला तर मर्कल बाद आणि मॅककॉर्मिकची धावही रद्द. तो चेंडू खरंच खेळातला होता का, यावर आजही वाद आहे. पण पंच हँक ओ’डे यांनी मर्कलला बाद दिलं आणि ती विजयी धाव रद्द झाली. मैदानात गर्दी, त्यात अंधार पडत आलेला. सामना अनिर्णित ठरला. हंगामाअखेर दोन्ही संघ बरोबरीत आले, ८ ऑक्टोबरला सामना पुन्हा झाला आणि कब्जने तो जिंकला. एका न शिवलेल्या बेसने जायंट्सचं विजेतेपद गेलं.

मैदानावर बेस शिवला की नाही याचं उत्तर हो किंवा नाही असंच येतं. विसाव्या शतकात अमेरिकन बोलण्यात ‘टच बेस’चा अर्थ कुणाशी तरी थोडंसं बोलून घेणं असा झाला आणि ते नेमकं उत्तर हरवलं. ‘लीगलशी टच बेस करा’ म्हटलं तर करायचं काय? मराठीत यासाठी तीन वेगळी क्रियापदं सहज तोंडात येतात: लीगलच्या कानावर घालायचं, त्यांना विचारून घ्यायचं, की त्यांचा होकार घ्यायचा. तिन्हींत फरक मोठा आहे. कानावर घातलं असेल तर उत्तराची वाट न पाहता काम पुढे नेता येतं. होकार घ्यायचा असेल तर तो येईपर्यंत थांबावं लागतं. कुणी कानावर घालून पुढे गेला आणि साहेबांना होकार अपेक्षित होता, तर भांडण रिलीजच्या आदल्या रात्री होतं. म्हणून ‘टच बेस’ला एकच मराठी प्रतिशब्द शोधत बसू नये. तिन्हींपैकी कोणतं काम आहे ते ठरवावं आणि तेच क्रियापद बोलावं.

‘ऑफलाइन’ आला संगणकाच्या खोलीतून. १९५०-६०च्या दशकांत मोठा संगणक इतका महाग होता की त्याचं एकेक मिनिट मोजून वापरलं जाई. त्याच्या तुलनेत पंच कार्ड वाचणारं यंत्र आणि प्रिंटर अतिशय संथ. छपाई मुख्य संगणकाकडून करून घेतली तर तो प्रिंटरची वाट पाहत अडकून पडायचा. म्हणून संथ कामं त्याच्या ताब्यातून काढून वेगळ्या यंत्रांकडे दिली गेली. आयबीएमने १९५९ मध्ये जाहीर केलेला १४०१ हा छोटा संगणक अनेक ठिकाणी याच कामाला असे. कार्डांवरची माहिती १४०१वर चुंबकीय टेपवर उतरवायची, ती टेप हाताने उचलून ७०९०सारख्या मोठ्या संगणकाला लावायची, हिशेब झाला की निकालाची टेप पुन्हा १४०१कडे आणायची आणि तिथे छापायची. त्याचा १४०३ प्रिंटर मिनिटाला ६०० ओळी छापायचा. त्या काळी हा वेग मोठा, तरी मुख्य संगणकाच्या मानाने संथच. मुख्य संगणकाशी तारेने न जोडलेल्या या यंत्रांना ऑफलाइन म्हणत.

या व्यवस्थेत दोन गोष्टी पक्क्या होत्या. कोणतं काम बाहेर काढायचं ते ठरलेलं असे, आणि ते काम झालं की टेप परत येई. परत न येणारी टेप म्हणजे हरवलेलं काम. मीटिंगमध्ये दहा जण बसलेले असताना दोघांचाच मुद्दा बाजूला काढणं ही कल्पना त्यामुळे अगदी रास्त आहे, कारण इथे दहा जणांचा तास महाग असतो. पण ‘ऑफलाइन घेऊ’ म्हणताना पहिला अर्धाच भाग उचलला गेला. टेप परत कोण आणणार, हे कुणी बोलत नाही.

आपल्याकडे त्यात आणखी एक घोळ झाला. २०२०च्या टाळेबंदीनंतर शाळा-कॉलेजं ऑनलाइन आणि ऑफलाइन अशी ओळखली जाऊ लागली, त्यामुळे मराठी कानाला ऑफलाइन म्हणजे प्रत्यक्ष समोरासमोर. नव्याने लागलेला मुलगा ‘ऑफलाइन बोलू’ ऐकून प्रत्यक्ष भेटीची वाट पाहतो, आणि बोलणाऱ्याच्या मनात फक्त ‘कॉल संपल्यावर चॅटवर’ एवढंच असतं.

‘सर्कल बॅक’ची कथा छोटी आहे. वळसा घेऊन पुन्हा त्याच जागी येणं, एवढाच त्याचा मूळ अर्थ. पण परत येण्याची वेळ त्यात नाही, आणि विषय सध्या कुणाकडे अडकला आहे हेही त्यातून कळत नाही.

याच बाबतीत महाराष्ट्रातल्या जुन्या सरकारी कार्यालयांकडून शिकण्यासारखं आहे. ब्रिटिश काळात मुंबई प्रांतात काम केलेल्या अँडरसन या आयसीएस अधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाणारी सहा गठ्ठे पद्धत महसूल खात्यात आणि जिल्हा परिषदांत आजही शिकवली जाते. त्यातल्या दोन गठ्ठ्यांचा फरक इथे कामाचा आहे. ज्या प्रकरणावर आपणच कारवाई करायची आहे ते प्रलंबित. ज्यात आपण दुसऱ्या कार्यालयाला लिहिलं आहे आणि त्यांच्या उत्तराची वाट आहे ते प्रतीक्षाधीन. प्रतीक्षाधीन कागद ठरावीक दिवसांनी बाहेर काढायचा आणि उत्तर नसेल तर स्मरणपत्र पाठवायचं. ‘सर्कल बॅक करतो’ म्हणणाऱ्याला मी नेहमी मनात हाच प्रश्न विचारते: प्रलंबित की प्रतीक्षाधीन? म्हणजे घोडं तुझ्याकडे अडलंय की दुसऱ्याकडे?

‘ऑफलाइन’चाही जुना भाऊ फाइलींत सापडतो. वरिष्ठ अधिकारी टिप्पणीच्या कडेला ‘चर्चा करावी’ असा शेरा मारतात. तोंडी चर्चा होते, पण फाइल तिथे संपत नाही. खालच्या अधिकाऱ्याने ‘चर्चेनुसार’ असं लिहून काय ठरलं ते फाइलवर नोंदवायचं असतं. सरकारी भाषा जड म्हणून आपण तिला नावं ठेवतो, ‘उचित कार्यवाही’सारखे धूसर शब्द तिच्यातही आहेत, पण टेप परत आणण्याचं काम या ‘चर्चेनुसार’ने चोख केलं आहे.

आता एक रोजचा प्रसंग घेऊ. पुण्यातली टीम आणि न्यूयॉर्कचा क्लायंट, उन्हाळ्यातला कॉल. पुण्यात संध्याकाळचे सात, तिकडे सकाळचे साडेनऊ. रिपोर्टमधल्या तारखा एका दिवसाने मागे दिसतात, अशी तक्रार टेस्टिंगवाली मांडते. तिकडचा मॅनेजर म्हणतो, हे ऑफलाइन घेऊ, डेटा टीमशी टच बेस करतो आणि सर्कल बॅक करतो. सगळे बरं म्हणतात. त्याला डेटा टीमशी बोलायला दुपारचे दोन वाजले, तर पुण्यात रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. जिने चूक पकडली ती त्या बोलण्यात नसते. तिकडे ठरतं की तारखा तिथल्याच वेळेप्रमाणे बरोबर आहेत, बदल नको. पुण्याला हे आठवड्याने कळतं आणि तोवर इथे कुणीतरी दुरुस्ती करून ठेवलेली असते. ऑफलाइन म्हणजे कुणाला वगळून, हा प्रश्न साडेनऊ तासांच्या अंतरात असा उभा राहतो.

तेच वाक्य मराठी टीमच्या नोंदीत असं लिहिता येतं: ‘तारखा एक दिवस मागे दिसतात. क्लायंटचे मॅनेजर आज त्यांच्या डेटा टीमला विचारतील की मूळ तारीख कोणत्या वेळेप्रमाणे साठवली आहे. उत्तर उद्या संध्याकाळच्या कॉलवर सांगतील. तोपर्यंत आपण कोडला हात लावायचा नाही. उद्या उत्तर आलं नाही तर टेस्टिंग लीड कॉल संपताच मेल करतील.’ कोण, कुणाला, काय आणि कधी, सगळं आलं. नोंद मूळ वाक्यापेक्षा लांब झाली, कारण मूळ वाक्यात हे काहीच नव्हतं.

बोलताना मात्र इतकं लांबवायची गरज नाही. ‘हे आपण दोघं कॉलनंतर बोलू’, ‘गुरुवारपर्यंत सांगते’, ‘त्यांच्या कानावर घालून ठेवा’ एवढं पुरतं. ज्याला खरंच तारीख देता येत नाही त्याने ‘नक्की केव्हा ते आज सांगता येणार नाही, सोमवारी तेवढं तरी कळवतो’ म्हणावं. क्लायंटसमोर कुणाची चूक झाकायची म्हणूनही ‘ऑफलाइन’ म्हटलं जातं. ते सौजन्य मराठीतही जपता येतं: ‘याचा तपशील आम्ही आत बघून कळवतो.’

अमेरिकन क्लायंटला मेल लिहिताना हे शब्द काढून टाकायचा हट्ट नको. ते त्यांच्या रोजच्या बोलण्यातले आहेत आणि नेमके शब्द वापरले तर कधीकधी कोरडे वाटतात. ‘सर्कल बॅक’ खुशाल राहू द्या, फक्त त्याला वार आणि वेळ जोडा, आणि ती वेळ कुठल्या देशाची तेही लिहा.