झोपण्यापूर्वीचे दूध-दही आणि ४० ग्रॅमचा आकडा

रात्री दूध किंवा दही घेऊन झोपले की व्यायामाने थकलेले स्नायू झोपेत भरून येतात, असे व्यायाम करणारे एकमेकांना सांगत असतात. कारण विचारले तर ‘केसीन सावकाश पचते, रात्रभर पुरते’ हे उत्तर मिळते. या उत्तराची मुळे १९९७ सालच्या एका प्रयोगात आहेत.

त्या वर्षी फ्रान्समध्ये ईव्ह ब्वारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हे आणि केसीन या दुधातल्या दोन प्रथिनांची तुलना केली. व्हे म्हणजे दूध फाटल्यावर पाण्यात राहणारे प्रथिन. ते घेतल्यावर प्रथिने पचून बनणारी अमिनो आम्ले रक्तात झपाट्याने वाढली आणि तितक्याच लवकर उतरली. केसीन मात्र पोटातल्या आम्लाने गोळा होते आणि तो गोळा हळूहळू सुटत जातो. त्यामुळे अमिनो आम्लांची वाढ कमी झाली, पण सात तासांनंतरही टिकून होती. सात तास म्हणजे एक झोप, हा हिशेब लोकांनी पुढे स्वतःच जोडला. मुळात तो प्रयोग जागेपणी, उपाशीपोटी आणि व्यायामाशिवाय झाला होता. शिवाय मोजमाप सगळ्या शरीरातल्या प्रथिनांचे होते, केवळ स्नायूंचे नव्हते.

झोपेतल्या स्नायूंकडे पाहिले ते नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठातील लुक फान लून यांच्या गटाने. २००८ मध्ये त्यांना दिसले की संध्याकाळच्या व्यायामादरम्यान घेतलेल्या प्रथिनांचा फायदा व्यायाम चालू असेपर्यंतच मिळतो, रात्रभर टिकत नाही. मग झोपेत पोट प्रथिने पचवते तरी का? हे पाहण्यासाठी वयस्क पुरुषांना झोपेतच नळीने केसीन दिले गेले, आणि ते नीट पचून शोषले गेले. २०१२ मध्ये तरुणांवर प्रयोग झाला. रात्री आठ वाजता व्यायाम, साडेअकराला ४० ग्रॅम केसीन आणि मग झोप. गायीच्या शरीरात खुणेचे अमिनो आम्ल सोडून, तिच्या दुधातून हे केसीन काढलेले होते. त्यामुळे प्यायलेले प्रथिन स्नायूपर्यंत पोचते का, याचा माग काढता आला. केसीन न घेतलेल्यांपेक्षा स्नायूंमधली प्रथिननिर्मिती सुमारे २२ टक्क्यांनी जास्त भरली. मला या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत सुंदर प्रयोग वाटतो.

पण तो आकडा दुधात मोजून पाहा. १०० मिली दुधात साधारण ३.३ ग्रॅम प्रथिने असतात आणि त्यातले ८० टक्के केसीन. म्हणजे २५० मिलीच्या पेल्यात प्रथिने ८ ग्रॅम, केसीन साडेसहा. चाळीस ग्रॅम केसीनसाठी दीड लिटर दूध प्यावे लागेल. एक पेला दूध पिऊन त्या प्रयोगाचा दाखला देणे म्हणूनच चुकीचे आहे.

२०१५ मध्ये त्याच गटाने १२ आठवड्यांचा अभ्यास केला. रोज झोपण्यापूर्वी २७.५ ग्रॅम प्रथिने घेणाऱ्या तरुणांची ताकद आणि मांडीचे स्नायू जास्त वाढले. मात्र दुसऱ्या गटाला बिनकॅलरीचे पेय होते. पहिल्या गटाचे दिवसाचे प्रथिन वजनाच्या दर किलोला १.९ ग्रॅम झाले, दुसऱ्याचे १.३ राहिले. फायदा रात्रीच्या वेळेचा की जास्त प्रथिनांचा, हे त्यातून सुटत नाही. नंतर प्रथिन तेवढेच ठेवून सकाळ विरुद्ध रात्र असे छोटे अभ्यास झाले, त्यांत फरक दिसला नाही. २०२३ मध्ये तर सायकल चालवण्यासारख्या दमाच्या व्यायामानंतर ४५ ग्रॅम व्हे आणि ४५ ग्रॅम केसीन रात्रभरात सारखेच कामी आले. ‘सावकाश’ हा केसीनचा खास गुण मानला जात होता, तो इथे निर्णायक ठरला नाही.

म्हणून माझ्या मते रात्रीचे दूध-दही ही दिवसाची तूट भरण्याची जागा आहे. ७० किलो वजनाचा माणूस घ्या. व्यायाम करत असेल तर किलोमागे १.६ ग्रॅम धरून त्याला ११२ ग्रॅम प्रथिने लागतात. तीन जेवणांतून ८५ ग्रॅम झाली तर उरतात २७. एक पेला दूध ८ ग्रॅम देते. पाणी निथळलेल्या घट्ट दह्यात १०० ग्रॅमला साधारण ९ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणून २०० ग्रॅम दही १८ ग्रॅम देते. दोन्ही मिळून २६, तूट जवळजवळ भरली. न गाळलेल्या दह्यातून हे २६ ग्रॅम मिळवायचे तर पाऊण किलोच्या घरात खावे लागेल. दिवसाचा आकडा आधीच पुरा झाला असेल, तर वरच्या पेल्याने फारसे काही पदरात पडत नाही.

दूध की दही, यावर भांडण्यासारखे काही नाही. प्रथिन तेच आहे. दह्यात दुधातली साखर थोडी कमी झालेली असते, म्हणून दुधाने पोट फुगणाऱ्यांना दही सोसते. आडवे झाल्यावर घशाशी आंबट येत असेल, किंवा रात्री लघवीसाठी जाग येऊ लागली असेल, तर हीच मात्रा रात्रीच्या जेवणासोबत घ्यावी.