परफॉर्मन्सची वाढ वेगळी, मार्केट करेक्शन वेगळं

अप्रेझलच्या सीझनला बरेच जण एकच लांबलचक मेल टाकतात, त्यात वर्षभर काय काय केलं ते आणि खाली "बाहेर माझ्या एक्सपीरियन्सला इतकं मिळतं", दोन्ही एकाच भांड्यात. मग मॅनेजर म्हणतो, काम तर तुझ्या रेटिंगमध्ये धरलंय आणि मार्केटचं एचआर बघतं, झालं, दोन्हीकडून हात झटकले.

या दोन मागण्याच वेगळ्या आहेत. परफॉर्मन्सची वाढ म्हणजे यंदा तू काय केलंस त्याचे पैसे, ती रेटिंगवरून ठरते आणि टीमला मिळालेल्या टक्क्यांच्या बजेटातून येते, म्हणजे तुला जास्त दिलं तर कुणाचं तरी कमी होतं. करेक्शन म्हणजे तुझ्या कामाचा जो भाव आहे त्याच्या मागे तू राहिलायस, ती दरी भरणं. त्याला बऱ्याच कंपन्यांत वेगळे पैसे आणि वेगळी मंजुरी लागते, मॅनेजरच्या एकट्याच्या हातात ते नसतं. पहिल्याला पुरावा तुझं काम, दुसऱ्याला पुरावा बाहेरचे आकडे.

माझी एक मैत्रीण पुण्यात टेस्टिंगमध्ये आहे, सहा वर्षं, फिक्स्ड 12 लाख. तिच्या ग्रेडला कंपनीने ठरवलेला पगाराचा पट्टा, म्हणजे पे बँड, त्याचा मिडपॉइंट 15 लाख. 12 भागिले 15 म्हणजे 0.80, याला एचआरवाले कंपा-रेशो म्हणतात. रेटिंग चांगलं आलं, 9 टक्के मिळाले, फिक्स्ड झालं 13.08. रेशो 0.87. म्हणजे चांगलं रेटिंग मिळूनही ती मागेच, आणि दरम्यान बँडच वर सरकला तर अजूनच मागे. एकाच कंपनीत टिकून राहिलेल्या माणसाचं नेमकं हेच होतं, टक्के जुन्या छोट्या आकड्यावर लागतात आणि बाहेरून आलेला थेट आजच्या भावाने येतो.

कामाच्या पुराव्यात तिची आधीची ओळ होती "ऑटोमेशनमध्ये मोठं योगदान दिलं". यातून कुणाला काय कळणार? नंतर तिने लिहिलं: "रिग्रेशनला 3 दिवस लागायचे, ऑगस्टपासून 9 तास लागतात, स्क्रिप्ट्स मी लिहिल्या, तिकीट नंबर हे, रिलीज मॅनेजरचा मेल जोडलाय." आधी किती, नंतर किती, कधीपासून, त्यात माझा वाटा कोणता, बस. आणि हे त्या त्या महिन्यात लिहून ठेवायचं, मार्चमध्ये आठवायला बसलं की फक्त फेब्रुवारी आठवतो. द्यायचं पण रेटिंगची मीटिंग व्हायच्या आधी, कारण तिथे तुझी बाजू मॅनेजर मांडतो, तू नसतोस. लेटर हातात आल्यावर यादी दिली तर ती पुढच्या वर्षीच्या कामाची.

मार्केटच्या आकड्यांत मात्र खरी फसगत सीटीसीची आहे. तिला एका ओळखीच्याची 18 लाखांची ऑफर कळली, तिचा सीटीसी 14, म्हणून ती 4 लाखांचा फरक घेऊन भांडायला निघाली होती. ऑफर फोडून बघितली तर जॉइनिंग बोनस 1.5 (एकदाच मिळणार), व्हेरिएबल 1.8, कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी 0.9, उरलं फिक्स्ड 13.8. तिचं तेव्हा 12. म्हणजे खरा फरक 1.8 लाख, 15 टक्के. चार लाखांचा आकडा एचआरने दोन मिनिटांत फोडला असता आणि मग बाकीचंही कुणी ऐकलं नसतं. शिवाय एका ऑफरला मार्केट म्हणत नाहीत. तेच काम, तेच शहर, तेवढाच अनुभव अशा पाच-सहा जणांचं फिक्स्ड गोळा करायचं आणि मधला आकडा धरायचा, सगळ्यात मोठा नाही. वेबसाइटवरचे आकडे बघताना ते किती जुने आहेत तेही बघा, 2021-22 च्या भरतीच्या धामधुमीतल्या ऑफर्स आज दाखवून उपयोग नाही.

आणि हो, हे मागायच्या आधी मॅनेजरला एवढं विचारा की मी बँडमध्ये मिडपॉइंटच्या खाली आहे की वर. आकडा सांगणार नाही कदाचित, पण खाली की वर हे बरेचदा सांगतात. वर असाल तर मार्केटचा विषय काढूच नका, तो उलट तुमच्याच अंगावर येतो, तेव्हा कामाचा पुरावा किंवा प्रमोशन हाच रस्ता. आणि रेटिंग पडलेलं असेल तर करेक्शनसाठी कुणी फाइल पुढे सरकवत नाही, दरी कितीही असो.

तिने मग एप्रिलची वाढ घेतली, त्यावर वाद घातला नाही, आणि जूनमध्ये वेगळा छोटा मेल टाकला, त्यात कामाचं एक अक्षर नाही, फक्त सहा जणांचं फिक्स्ड (नावं न देता), मधला आकडा आणि "माझं फिक्स्ड याच्या मागे आहे, करेक्शनसाठी केस पाठवता येईल का" एवढंच. ऑक्टोबरमध्ये 7 टक्के आले, फिक्स्ड साधारण 14 लाख झालं. मिडपॉइंट अजून लाखभर लांब आहे, पण त्या मेलला "तुझ्या रेटिंगमध्ये धरलंय" असं उत्तर कुणाला देता आलं नाही.