घटकसंपन्नता आणि व्यापार

एखादा देश कोणता माल निर्यात करतो, याचे कारण त्या देशात भूमी, श्रम आणि भांडवल हे उत्पादन घटक कोणत्या प्रमाणात आहेत यात शोधणारा सिद्धांत. जो घटक मुबलक तो तुलनेने स्वस्त, आणि तो जास्त लागतो असा माल देशाला कमी खर्चात बनवता येतो. म्हणून तोच माल बाहेर जातो आणि दुर्मीळ घटक खाणारा माल बाहेरून येतो. स्वीडनच्या एली हेक्शर यांनी १९१९ मध्ये ही कल्पना मांडली. त्यांचे विद्यार्थी बर्टिल ओहलिन यांनी ती विस्ताराने बांधली आणि १९७७ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना जेम्स मीड यांच्यासोबत मिळाले. त्याआधी रिकार्डो यांनी देशादेशांतल्या खर्चाच्या फरकावर व्यापार उभा केला होता, पण तो फरक मुळात का असतो हे त्यांनी सांगितले नव्हते. हेक्शर आणि ओहलिन उत्पादनाचे तंत्र सगळीकडे सारखेच मानतात आणि फरक घटकांच्या साठ्यात पाहतात.

इथे ‘मुबलक’ हा शब्द नेहमी फसवतो. देशात कामगार किती, हा प्रश्नच नाही. एका कामगारामागे भांडवल किती, हा आहे. अमेरिकेतले कामगार संख्येने बेल्जियमच्या कितीतरी पट, तरी सिद्धांताच्या भाषेत अमेरिका श्रमसंपन्न ठरत नाही. मालाचेही तसेच. शिवणकामाच्या कारखान्यात एका शिलाई मशीनमागे एक माणूस बसतो, तेलशुद्धीकरण कारखान्यात मोजक्या माणसांमागे अवाढव्य यंत्रसामग्री असते. पहिला माल श्रमप्रधान, दुसरा भांडवलप्रधान.

मांडणी इतकी सरळ वाटली की आकडे लावून तपासण्याची घाई कोणी केली नाही. ते काम वॅसिली लिऑन्टिफ यांनी १९५३ मध्ये केले. अमेरिकेच्या १९४७ च्या अर्थव्यवस्थेचे आदान-प्रदान कोष्टक त्यांच्याकडे होते. कोणता उद्योग दुसऱ्याकडून काय घेतो, हे त्यात दिसते. त्यामुळे मोटारीच्या कारखान्यातलेच नव्हे, तर तिला लागलेल्या पोलादातले आणि त्यामागच्या कोळशातलेही श्रम मोजता आले. त्यांनी दोन हिशेब केले: १० लाख डॉलरची सरासरी निर्यात बनवायला काय लागते, आणि तेवढ्याच किमतीची आयात देशातच बनवली तर काय लागेल. देशात न पिकणारी कॉफीसारखी आयात त्यांनी बाजूला ठेवली.

निर्यातीसाठी सुमारे २५.५ लाख डॉलरचे भांडवल आणि १८२ माणसांचे वर्षभराचे श्रम लागत होते. आयातीच्या जागी लागले असते सुमारे ३०.९ लाख डॉलर आणि १७० माणसे. भागाकार केला की निर्यातीत माणशी भांडवल सुमारे १४ हजार डॉलर, आयातीत १८ हजार. म्हणजे जगातला सर्वांत भांडवलसंपन्न देश श्रमप्रधान माल विकत होता. हाच ‘लिऑन्टिफ विरोधाभास’.

लिऑन्टिफ यांनी स्वतः दिलेला खुलासा असा, की अमेरिकी कामगार इतरांपेक्षा तिप्पट काम देतो. माणसे तिनाने गुणली की अमेरिकाच श्रमसंपन्न ठरते. हा आकडा त्यांनी हिशेबातून काढलेला नव्हता, आणि तो फारसा कोणाला पटलाही नाही. मग कुशल आणि अकुशल श्रम वेगळे धरा, खनिजे आणि जमीनही मोजा, अशा दुरुस्त्या आल्या. १९४७ हे वर्षही साधे नव्हते: महायुद्धाने युरोपातले कारखाने मोडून पडले होते आणि अमेरिकेची निर्यात आयातीच्या कितीतरी पुढे होती. एडवर्ड लीमर यांनी १९८० मध्ये नेमके इथेच बोट ठेवले. व्यापार असा एकतर्फी असताना निर्यात आणि आयात यांची तुलना चुकते. देश जे उत्पादन करतो आणि जे वापरतो, त्यांतल्या घटकांची तुलना करायला हवी. तशी केली की त्याच आकड्यांतून अमेरिका भांडवलसंपन्न दिसते.

मुंबई विद्यापीठात आर. भारद्वाज यांनी हाच हिशेब भारताच्या व्यापाराला लावला (१९६२). एकूण निर्यात अपेक्षेप्रमाणे श्रमप्रधान निघाली, पण फक्त अमेरिकेशी असलेला व्यापार वेगळा काढला, तर भारताची निर्यात आयातीच्या पर्यायापेक्षा भांडवलप्रधान दिसली. घटकांचा हिशेब एकेका जोडीदाराशी जुळेलच असे नाही, हे त्यातून दिसले.

एका देशाच्या पलीकडे जाणारी तपासणी १९८७ मध्ये झाली. बोवेन, लीमर आणि स्विकौस्कस यांनी २७ देश आणि १२ घटक घेतले. देश मालाच्या रूपाने कोणत्या घटकाची निव्वळ निर्यात करील, याची दिशा सिद्धांताने सुमारे ६१ टक्के वेळा बरोबर सांगितली. नाणे उडवले तरी ५० टक्के मिळतात. पुढे डॅनियल ट्रेफ्लर यांनी १९९३ मध्ये प्रत्येक देशाच्या घटकांची उत्पादकता वेगळी धरली. अशी सूट दिली की सिद्धांत आकड्यांशी जुळणारच, त्यामुळे नुसते जुळण्याला किंमत नव्हती. पण अशा रीतीने निघालेली श्रमाची उत्पादकता त्या त्या देशातल्या प्रत्यक्ष मजुरीशी बऱ्याच अंशी मिळतीजुळती होती. लिऑन्टिफ यांचा तिप्पट कामगार चाळीस वर्षांनी असा परत आला.