विमा उतरवलेल्या शेअरचं मार्जिन किती?

समजा, एका ट्रेडरने अमेरिकी बाजारात प्रत्येकी १०० डॉलर भावाचे १,००० शेअर घेतले, म्हणजे १ लाख डॉलरचा माल. भाव कोसळण्याची धास्ती होती म्हणून त्याच शेअरवर ९५ स्ट्राइकचे १० पुटही घेतले. तिथे एक कॉन्ट्रॅक्ट १०० शेअरचं असतं, त्यामुळे १० पुटांनी सगळे शेअर झाकले गेले. पुटासाठी शेअरमागे २ डॉलर, म्हणजे एकूण २,००० डॉलर मोजावे लागले. एक्स्पायरीपर्यंत भाव कितीही खाली गेला तरी शेअर ९५ ला विकण्याचा हक्क त्याच्या हातात आहे. म्हणजे जास्तीत जास्त तोटा शेअरमागे ५ डॉलर, अधिक पुटाचे २ डॉलर, असा एकूण ७,००० डॉलर. कंपनी बुडाली तरी हा आकडा वाढत नाही.

आता प्रश्न असा की उरलेली रक्कम ब्रोकरकडून उसनी घ्यायची, तर स्वतःच्या खिशातून किती घालावे लागतील?

जुन्या पद्धतीत, म्हणजे स्ट्रॅटेजीवर आधारलेल्या मार्जिनमध्ये, उत्तर आहे ५२,००० डॉलर. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हच्या ‘रेग्युलेशन टी’नुसार शेअर घेताना निम्मी रक्कम स्वतःची लागते. हा ५० टक्क्यांचा दर १९७४ पासून बदललेला नाही. त्यात पुटाचे पूर्ण २,००० मिळवायचे. शेअर घेताना हा नियम पुटाकडे बघतच नाही. पुढे पोझिशन सांभाळून ठेवण्यासाठी जे किमान मार्जिन लागतं, त्यात मात्र पुटाची दखल घेतली जाते आणि २५,००० ऐवजी १४,५०० डॉलर पुरतात. तरीही जो तोटा ७,००० च्या पुढे जाऊच शकत नाही, त्याच्यासाठी दुप्पट रक्कम अडकून पडते.

याचं कारण या पद्धतीच्या विचारातच आहे. तिच्याकडे ओळखीच्या जोड्यांची एक यादी आहे: शेअर आणि त्यावर विकलेला कॉल, शेअर आणि पुट, एकाच शेअरच्या दोन ऑप्शनांचा स्प्रेड वगैरे. खात्यातल्या पोझिशन घेऊन यादीतल्या जोड्या लावायच्या, प्रत्येक जोडीला ठरलेलं सूत्र लावायचं आणि उरलेल्या एकट्या पोझिशनला सर्वांत कडक दर लावायचा. हे काम कागदावर हाताने करता येतं, आणि सूत्रं बांधली गेली त्या काळात ते तसंच व्हायचं.

दुसरी, नवी पद्धत म्हणजे पोर्टफोलिओ मार्जिन. ते जोडीचं नाव विचारत नाही. ते विचारतं, उद्या भाव हलला तर या सगळ्या पोझिशनचं मिळून काय होईल? अमेरिकेत ऑप्शनांचा हिशेब चुकता करणाऱ्या ओसीसी या क्लिअरिंग संस्थेची ‘टिम्स’ नावाची प्रणाली हे गणित करते. एखाद्या कंपनीच्या शेअरसाठी भाव १५ टक्के खाली आणि १५ टक्के वर अशी पट्टी घेतात. त्या पट्टीवर सारख्या अंतराचे दहा बिंदू असतात: ३, ६, ९, १२ आणि १५ टक्के, खालीही आणि वरही. प्रत्येक बिंदूवर शेअरचा नवा भाव धरून ऑप्शनांच्या किमती सूत्राने काढायच्या आणि सगळा नफातोटा एकत्र मांडायचा. दहापैकी सर्वांत वाईट बेरीज म्हणजे मार्जिन.

आपल्या उदाहरणात १५ टक्के खाली, ८५ वर, शेअरमागे १५ डॉलर जातात. पण ९५ चा पुट तिथे किमान १० डॉलरचा झालेला असतो, म्हणजे ८ डॉलर परत येतात. निव्वळ तोटा फार तर ७. वरच्या टोकाला शेअरमध्ये १५ मिळतात, पुटातले २ जातात. म्हणून मार्जिन ७,००० डॉलर किंवा किंचित कमी. पुट नसते तर ते १५,००० झालं असतं. मला यातली मोलाची गोष्ट वाटते ती बिंदूवार बेरीज. शेअरचा सर्वांत वाईट दिवस आणि पुटाचा सर्वांत वाईट दिवस एकाच वेळी येऊ शकत नाहीत, हे वेगवेगळ्या सूत्रांची बेरीज करताना सुटून जातं.

आता यादीत न बसणारी जोडी पाहू. शेअर पुन्हा १०० वरच आहे. ट्रेडरने १०० स्ट्राइकचे, महिन्याभरात संपणारे १० कॉल २.८० ला घेतले आणि त्याच स्ट्राइकचे, दोन महिन्यांनी संपणारे १० कॉल ४ डॉलरला विकले. जुना नियम सांगतो की घेतलेला ऑप्शन विकलेल्याच्या आधी संपत असेल तर त्याचा आधार धरायचा नाही. विकलेला कॉल उघडा मानला जातो आणि त्यावर शेअरच्या भावाच्या २० टक्के अधिक प्रीमियम, असे २४,००० डॉलर लागतात. पोर्टफोलिओच्या गणितात भाव कुठेही हलला तरी दोन्ही कॉल जवळजवळ बरोबरीने हलतात. दहाही बिंदूंवर तोटा शून्याच्या आसपास किंवा नफाच. तेव्हा कॉन्ट्रॅक्टमागे ३७.५० डॉलरचं किमान मार्जिन लागू होतं. वीस कॉन्ट्रॅक्टचे ७५० डॉलर.

२४,००० आणि ७५०! इथे मला जुना नियम अगदीच चुकीचा वाटत नाही, कारण त्याला कॅलेंडर दिसतं. महिना संपला की घेतलेले कॉल नाहीसे होतात. भाव तेव्हाही १०० असेल, तर विकलेले कॉल आता एकटे उभे असतात आणि १५ टक्के वरच्या बिंदूवर त्यांचा तोटा बारा हजारांच्या वर जातो. काहीही न विकता-घेता एका रात्रीत मार्जिन ७५० वरून १२,००० वर. ज्याने मोकळी झालेली रक्कम दुसरीकडे गुंतवली असेल त्याला ब्रोकरचा फोन येतो. नियमाने तूट भरायला तीन कामकाजाचे दिवस असतात, पण ब्रोकर त्याआधीही पोझिशन कापू शकतो. म्हणून अशा खात्यात आजचं मार्जिन बघून पुरत नाही. सर्वांत आधी संपणारा ऑप्शन काढून टाकून तेच गणित पुन्हा करून बघावं लागतं.

दुसरी अडचण पट्टीच्या कडेला आहे. १०० च्या शेअरवर ७५ स्ट्राइकचे १० पुट नुसतेच विकले, तर भाव ८५ पर्यंत आला तरी ते ७५ पासून दूर असतात. त्यामुळे बऱ्यापैकी हलणाऱ्या शेअरवरही पोर्टफोलिओ मार्जिन हजार-बाराशे डॉलरच निघतं. जुन्या पद्धतीत स्ट्राइकच्या किमान १० टक्के आणि प्रीमियम, म्हणजे साडेसात हजारांहून जास्त लागतात. एखाद्या वाईट बातमीने भाव एका रात्रीत ६० वर उघडला, तर तोटा होतो १५,००० च्या घरात. पट्टी तिथवर पोचतच नव्हती. मघाच्या पुट घेतलेल्या खात्यात मात्र तोच भाव ६० आला तरी तोटा ७,००० वरच थांबतो. दोन्ही खाती एकाच प्रणालीने मोजलेली, पण एकात मार्जिन म्हणजे तोट्याची खरी हद्द आहे आणि दुसऱ्यात ती फक्त १५ टक्क्यांपर्यंतची नजर आहे. फरक ओळखायचा तर पट्टी स्वतःच ३० आणि ४० टक्क्यांपर्यंत ताणून बघायची: तोटा एका आकड्यावर सपाट होतो की वाढतच जातो, ते लगेच दिसतं. अनेक ब्रोकर एकाच शेअरमध्ये साचलेल्या खात्यांसाठी अशीच रुंद पट्टी लावतात आणि नियमापेक्षा जास्त मार्जिन मागतात.